सहीतला नंबर दाबता येतो का?

भोसरीतला गॅस्केट बनवणारा एक छोटा कारखाना समजा. तिथला विक्री अधिकारी चाकणच्या एका कंपनीतल्या पर्चेस मॅनेजरला पहिल्यांदाच ईमेल पाठवतो. मजकूर पाच ओळींचा, नेमका. त्याखाली मात्र एक भलाथोरला रंगीत पट्टा येतो. त्यात लोगो, फोटो, तीन मोबाइल नंबर, इन्स्टाग्रामचं चिन्ह, एक सुविचार आणि इंग्रजीतली गोपनीयतेची लांबलचक सूचना असते.

हा पट्टा बहुतेक वेळा एकसंध चित्र असतो, आणि खरी गोची तिथेच होते. अनोळखी माणसाकडून आलेल्या ईमेलमधली बाहेरून उतरवायची चित्रं आउटलुक बऱ्याचदा आपणहून दाखवत नाही. मॅनेजरला दिसते फक्त रिकामी चौकट, म्हणजे पाठवणाऱ्याचं नावही गायब! चित्र दिसलं तरी त्यातला नंबर बोट लावून फिरवता येत नाही, कॉपीही होत नाही. चित्र ईमेलमध्येच चिकटवून पाठवलं, तर काही ठिकाणी ते image001.png नावाची जोडणी म्हणून दिसतं. महिन्याभराने कोटेशन शोधणारा मॅनेजर मग असल्या फायली उघडत बसतो.

अनोळखी विक्रेत्याची सही वाचताना समोरच्याला दोनच गोष्टी हव्या असतात. हा माणूस खरा आहे का, आणि याला गाठायचं कसं? त्यासाठी साध्या अक्षरांतल्या चार ओळी पुरतात. पूर्ण नाव, हुद्दा आणि कंपनी, +91 लावलेला एकच नंबर, तोही स्वतः उचलत असलेला, शेवटी वेबसाइट आणि कारखान्याचा पत्ता. वेबसाइट आणि ईमेलचा पत्ता एकाच डोमेनचा असला की पडताळणी सोपी होते. वेबसाइट कंपनीच्या नावाची आणि ईमेल जीमेलवरून, हे पाहून सावध मॅनेजर थबकतो.

कंपनी नोंदणीकृत असेल तर आणखी एक ओळ लागते. कंपनी कायदा 2013च्या कलम 12नुसार व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, 21 अक्षर-अंकांचा सीआयएन, फोन, ईमेल आणि असल्यास वेबसाइट द्यावी लागते. कायद्याची भाषा छापील पत्रांची आहे. तरी अनेक कंपन्या हा तपशील ईमेलखालीही देतात. बारीक अक्षरांत तो खपून जातो, आणि खरेदी विभागाला नोंदणी तपासायला उपयोगी पडतो.

सुविचार बिनदिक्कत काढावा. गोपनीयतेची सूचनाही विक्रीच्या पहिल्या ईमेलला हास्यास्पद दिसते, कारण तो तर वाचला जावा म्हणूनच पाठवलेला असतो. इन्स्टाग्रामच्या चिन्हावर बोट पडलं की मॅनेजर उत्तराऐवजी भलतीकडेच जातो. ‘मंगळवारी नमुना पाठवू का?’ हा प्रश्न मजकुराच्या शेवटी हवा, सहीतल्या रंगीत बटणात नको.

सही ठरली की ती चित्रं बंद करून, मोबाइलवर स्वतःलाच पाठवून पाहावी. फोनवरच्या ॲपची सही बहुधा वेगळी बसवावी लागते. ते राहून गेलं, तर कारखान्याच्या नावाऐवजी ‘आयफोनवरून पाठवले’ एवढंच इंग्रजीतून चाकणला पोहोचतं.