दुकानदाराचे चारशे रुपये

एमआरपी ९९९ रुपये असलेला सुती शर्ट दुकानात विकला गेला, तर त्यातले साधारण साडेतीनशे-चारशे रुपये दुकानदाराकडे राहतात. कारखानदाराच्या डोळ्यांत हा आकडा कायम सलतो. दहा-बारा वर्षांपूर्वी स्वस्त इंटरनेट आणि कुरियरचं जाळं एकाच सुमारास हाताशी आलं, तेव्हा अनेकांनी हिशेब मांडला : दुकानदाराला वगळायचं, स्वतःची वेबसाइट काढायची आणि ते चारशे रुपये खिशात घालायचे. या धंद्याला डीटूसी म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांना अजूनही ते चारशे रुपये सापडलेले नाहीत.

ते जातात कुठे, हे एका काल्पनिक पण बाजारभावाच्या जवळपास जाणाऱ्या हिशेबातून पाहू. समजा, भिवंडीत गोदाम असलेल्या एका छोट्या ब्रँडला या शर्टाच्या शंभर ऑर्डर मिळाल्या. इन्स्टाग्राम आणि गूगलवरच्या जाहिरातीला प्रत्येक ऑर्डरमागे ३०० रुपये पडले, म्हणजे एकूण ३० हजार. जाहिरातीच्या डॅशबोर्डवर चित्र झकास दिसतं : ३० हजार घातले, जवळजवळ लाखाच्या ऑर्डर आल्या.

पण ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे. शंभरातल्या साठ जणांनी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडलंय. त्यांचा अजून एक पैसाही अडकलेला नाही. पार्सल दारात येईपर्यंत कुणाचा विचार बदलतो, कुणाचा फोन बंद असतो, कुणाच्या पत्त्यात ‘मारुती मंदिराजवळ’ एवढंच लिहिलेलं असतं. कधी कधी डिलिव्हरीवाला न जाताच ‘ग्राहक घरी नाही’ अशी नोंद करून मोकळा होतो. दोन-तीन खेपांनंतर माल परत भिवंडीला. या उलट्या प्रवासाला धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात. गाडीच्या पासिंगशी त्याचा संबंध नाही, पण मनस्ताप तेवढाच. कुरियर कंपनी जाण्याचेही पैसे घेते आणि बहुधा येण्याचेही.

आपल्या शंभरातले वीस असे परत आले. उरलेल्या ऐंशीपैकी दहा जणांनी शर्ट घालून पाहिला आणि खांद्यात घट्ट होतो म्हणून परत केला. खरी विक्री सत्तरची. पाच टक्के जीएसटी वजा जाता हाती आले सुमारे ६६,६०० रुपये.

आता खर्च. सत्तर शर्ट बनवायला प्रत्येकी ३५० धरले तर २४,५००. कुरियरचं जाणं, वीस पार्सलांचं परतणं आणि दहा घरांतून माल उचलणं मिळून १०,६००. पिशव्या आणि लेबलं दोन हजार, रोकड गोळा करण्याचे आणि पेमेंट गेटवेचे चोवीसशे. त्यात जाहिरातीचे ३० हजार मिळवा : बेरीज ६९,५००. सुमारे तीन हजारांचा तोटा, आणि गोदामाचं भाडं व पगार अजून धरलेलेच नाहीत. परत आलेल्या तीस शर्टांतले काही मळलेले, चुरगळलेले असणार; तो फटका वेगळा.

त्याच तीस हजारांना सत्तर विक्रींनी भागलं, तर एका शर्टामागे जाहिरात पडते ४२९ रुपये. दुकानदार चारशेच घेत होता! शिवाय शर्ट घालून बघायला तो आरसा देत होता आणि मापाची तक्रार जागेवर मिटवत होता. मुख्य म्हणजे, तो आपला वाटा विक्री झाल्यावर घेत असे. जाहिरात कंपनी आणि कुरियर फसलेल्या ऑर्डरचेही पैसे घेतात.

म्हणून जाणते ब्रँड आधी पैसे भरणाऱ्याला सूट देतात, रोखीच्या ऑर्डरवर जादा आकार लावतात, पार्सल सोडण्याआधी फोन करतात. खोक्याऐवजी पातळ पिशवी वापरतात, कारण कुरियर आकारावरूनही वजन धरतं : ३० बाय २५ बाय १० सेंटिमीटरच्या खोक्याला, ५००० ने भागायच्या प्रचलित सूत्राप्रमाणे, दीड किलोचे पैसे पडतात, आत पाव किलोचा शर्ट असला तरी. यातून गळती कमी होते. जाहिरातीचा खर्च मात्र तेच गिऱ्हाईक जाहिरातीशिवाय पुन्हा आलं तरच वसूल होतो. शाम्पू महिन्या-दोन महिन्यांत संपतो. गादी दहा वर्षं संपत नाही.

शाम्पू-फेसवॉश विकणाऱ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. ‘मामाअर्थ’ची मालक कंपनी होनासा कन्झ्युमर हिने २०२२-२३ मध्ये सुमारे १,४९३ कोटींची उलाढाल केली आणि त्यातले जवळपास ५३० कोटी जाहिरातीवर खर्च केले. तोवर कंपनी दुकानांतही शिरली होती. तिथले खर्च वेगळे. २०२४ मध्ये तिने मोठ्या शहरांतले सुपर स्टॉकिस्ट काढून थेट वितरक नेमायला घेतले, तेव्हा साखळीत साचलेल्या मालाचा हिशेब अंगावर आला. सप्टेंबरच्या तिमाहीत सुमारे १९ कोटींचा तोटा दिसला आणि निकालानंतर बाजार उघडताच शेअर वीस टक्क्यांनी कोसळला.

घरगुती मसाले किंवा कुर्ते वेबसाइटवरून विकायचा बेत असणाऱ्यांनी जाहिरातीचा डॅशबोर्ड बाजूला ठेवून आधी एकच आकडा काढावा : घरी पोचलेल्या आणि परत न आलेल्या एका नगामागे एकूण किती रुपये गेले.