लोकप्रिय म्हणजे पॉप्युलिस्ट नव्हे

2024 मध्ये महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेतून महिलांना दरमहा 1500 रुपये मिळू लागले, तेव्हा बऱ्याच जणांनी तिला ‘पॉप्युलिस्ट’ ठरवलं. योजना चांगली की वाईट, यावर जरूर भांडावं. पण राज्यशास्त्राच्या निबंधात हा शब्द इथे चालणार नाही. मतांसाठी पैसे वाटणं हा लोकानुनय झाला. तो कुठलाही पक्ष करू शकतो.

डच अभ्यासक कास मुड्डे यांनी 2004 मध्ये केलेली व्याख्या मला सर्वांत उपयोगी वाटते. समाजाचे दोनच गट मानायचे, निर्मळ जनता आणि भ्रष्ट उच्चभ्रू. आणि राजकारण म्हणजे त्या जनतेच्या एकमुखी इच्छेची अंमलबजावणी. यान-वेर्नर म्युलर त्यात महत्त्वाची भर घालतात: खरी जनता म्हणजे फक्त आम्हीच, हा दावा.

हंगेरीत 2002 ची निवडणूक हरल्यावर व्हिक्टर ओर्बान म्हणाले, मातृभूमी विरोधी बाकांवर बसू शकत नाही. या वाक्यात पैसा नाही, आश्वासन नाही. पण मग निम्म्याहून अधिक मतदार कोण होते? त्यांना त्या वाक्यात जागाच उरत नाही. पॉप्युलिझम ओळखायचा तो इथे.

उलट, नुसती उच्चभ्रूंवर टीका पुरेशी नाही. विरोधी पक्षाचं ते रोजचंच काम असतं. म्हणून निबंधात नेत्यावर शिक्का मारण्याआधी त्याची भाषणं वाचावीत आणि पराभवानंतर तो प्रतिस्पर्ध्याच्या मतदारांविषयी काय बोलतो, ते तपासावं.