डिस्कवर नवं, मेमरीत जुनं

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला आणि जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवण्याचं काम करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत ही चूक होती. कुणी इवलासा संदेश पाठवून त्याची लांबी मुद्दाम फुगवून सांगितली, की सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर त्याच्या हवाली करी. त्यात कुणाचे पासवर्ड सापडत, तर कधी सर्व्हरची गुप्त किल्लीही. दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी आली.

पण ती बसवून भागत नव्हतं. नवं पॅकेज बसल्याची नोंद दिसत असली, तरी आधीपासून चालू असलेला वेबसर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत माहिती गळतच राही.

याचं कारण प्रोग्राम चालण्याच्या पद्धतीत आहे. प्रोग्राम सुरू होताना लागणाऱ्या लायब्ररी मेमरीत घेतो आणि पुढे त्याच वापरतो. लिनक्सवर अपडेट जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी ठेवतं. मात्र चालू प्रोग्रामने धरलेली जुनी फाइल तो बंद होईपर्यंत शिल्लक राहते. यादीत दिसत नाही, पण कामात असते. तिचा माग असा काढता येतो:

```
sudo lsof | grep DEL | grep libssl
```

उत्तरात एखाद्या प्रोग्रामचं नाव आलं, तर तो अजून काढून टाकलेली लायब्ररी वापरतो आहे. तेवढी सेवा रीस्टार्ट केली की पुरतं. दोष खुद्द कर्नलमध्ये असेल, तर सहसा सगळा संगणकच रीस्टार्ट करावा लागतो. चालू कर्नलवर दुरुस्ती चढवण्याची सोय काही ठिकाणी असते, पण प्रत्येक बदल तसा चढत नाही.

घरच्या विंडोजवर अडचण वेगळ्या वाटेने येते. वापरात असलेली फाइल तिथे सहसा बदलताच येत नाही, म्हणून उतरलेली दुरुस्ती रीस्टार्टची वाट पाहत थांबते. लॅपटॉपचं झाकण मिटलं तर तो बहुधा नुसता झोपतो. Fast startup चालू असेल, तर नेहमीच्या Shut down नेही कर्नल नव्याने सुरू होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून पुन्हा उचलली जाते. Restart मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतं.

हा उशीर धोक्याचा आहे. दुरुस्ती बाहेर पडली की जुनी आणि नवी फाइल ताडून भोक नेमकं कुठे होतं, हे हल्लेखोरालाही शोधता येतं.

Task Manager मध्ये Performance, मग CPU उघडा आणि Up time पाहा. पहिला आकडा दिवसांचा. विंडोजची सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात आणि त्यांना बहुतेकदा रीस्टार्ट लागतो. तो आकडा पस्तीसच्या पुढे असेल, तर निदान एक दुरुस्ती अडून राहिली असण्याची शक्यता मोठी. उघडी कामं सेव्ह करा आणि आजच Restart दाबा.