दोन फ्लिप-फ्लॉप कशासाठी?

आज एकाच छोट्या सर्किटबद्दल बोलायचं आहे: एकामागे एक जोडलेले दोन फ्लिप-फ्लॉप. बाहेरून येणारा सिग्नल या दोघांतून घ्यायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पहिला काय करतो आणि दुसरा काय करतो, असं वेगवेगळं विचारलं की उत्तर अडखळतं. म्हणून सुरुवात बिघाडापासून करू.

मी एकदा एफपीजीएवर सिरियल रिसीव्हर बसवला होता. क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक ठोका. समोरचा सेन्सर दर मिनिटाला एक बाइट पाठवायचा, अर्थात स्वतःच्या क्लॉकवर. सिम्युलेशनमध्ये सगळं बिनचूक. बोर्डवर मात्र रिसीव्हर मध्येच गप्प व्हायचा. कधी पाच मिनिटांत, कधी पाऊण तासाने. रीसेट दिला की पुन्हा सुरू. प्रोबने आतल्या अवस्था पाहिल्या, तर स्टेट मशीनची एकही अवस्था चालू नव्हती. सगळे बिट शून्य!

आता हे घडलं कसं ते बघा. प्रत्येक अवस्थेला एक बिट होता. रिकामा असताना `idle` हा बिट १. ओळ `rx` शून्यावर आली, की `idle` बंद व्हायचा आणि `start` चालू व्हायचा. म्हणजे `rx` हा एकच सिग्नल दोन वेगवेगळे फ्लिप-फ्लॉप वाचत होते. त्यांच्यापर्यंतच्या तारा सारख्या लांबीच्या नव्हत्या. समजा `start`कडे बातमी अर्धा नॅनोसेकंद उशिरा पोचते. ठोका नेमका त्या अर्ध्या नॅनोसेकंदात पडला, तर `idle`ला दिसतं शून्य, तो बंद होतो. `start`ला अजून जुना १ दिसतो, तो चालूच होत नाही. दोघेही बंद, आणि परतीची वाट नाही. दहा नॅनोसेकंदांत अर्धा, म्हणजे साधारण वीस बाइट्समागे एकदा. मिनिटाला एक बाइट, म्हणून सरासरी वीस मिनिटं. हिशोब जुळला.

लक्षात घ्या, इथपर्यंत मेटास्टेबिलिटीचा संबंधच नाही. हा नुसता दोघांच्या मतभेदाचा प्रश्न आहे. त्याला उपाय एकच: `rx` आधी एकाच फ्लिप-फ्लॉपने वाचायचा, आणि बाकी सगळ्यांनी त्या फ्लिप-फ्लॉपचं ऐकायचं. हे पहिल्या फ्लिप-फ्लॉपचं काम. सगळ्या सर्किटचं मत एक करणं.

मग दुसरा कशाला? कारण पहिल्यालाच मत ठरवता आलं नाही तर?

फ्लिप-फ्लॉपच्या आत दोन इन्व्हर्टर एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्या स्थिर जागा दोन, शून्य आणि एक. मध्ये एक तोल साधणारी जागा आहे. सह्याद्रीच्या धारेवर पडलेला पावसाचा थेंब आठवा. जरा पश्चिमेला पडला तर कोकणात, जरा पूर्वेला पडला तर देशावर. पण अगदी धारेवरच पडला, तर आधी थोडा रेंगाळतो. इनपुट ठोक्याच्या अगदी जवळ बदललं, म्हणजे सेटअप आणि होल्ड टाइम मोडला गेला, की फ्लिप-फ्लॉप असाच धारेवर सापडू शकतो. हीच मेटास्टेबिलिटी. १९७३ साली चेनी आणि मोल्नार यांनी असे रेंगाळणारे फ्लिप-फ्लॉप ऑसिलोस्कोपवर दाखवले.

थेंब कधी उतरेल याला वरची मर्यादा नाही. पण दिलासा असा, की तोल एकदा ढळला की तो घातांकी वेगाने ढळतो. प्रत्येक τ इतक्या वेळात मधल्या जागेपासूनचं अंतर सुमारे २.७ पट होतं. त्यामुळे थोडा जास्त वेळ दिला, की अजूनही न ठरल्याची शक्यता प्रचंड घटते. दोन बिघाडांमधला सरासरी काळ असा निघतो:

```
MTBF = e^(t/τ) / (Tw × fc × fd)
```

इथे `t` म्हणजे ठरवायला मिळालेला वेळ, `Tw` म्हणजे ठोक्याभोवतीची धोक्याची खिडकी, `fc` म्हणजे क्लॉक आणि `fd` म्हणजे इनपुट सेकंदाला किती वेळा बदलतं ते.

सोयीचे आकडे घेऊ. τ ०.२ नॅनोसेकंद, खिडकी ०.१ नॅनोसेकंद, क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, आणि सेन्सरऐवजी सतत चालणारी ओळ, सेकंदाला एक लाख बदल. छेद येतो १,०००. म्हणजे सेकंदाला हजारदा आपण धारेवर!

एकच फ्लिप-फ्लॉप असेल, तर त्याच्या पुढच्या लॉजिकमध्ये बहुतेक ठोका खर्च होतो. समजा २ नॅनोसेकंद उरले. e चा दहावा घात साधारण २२,०००, भागिले हजार. बावीस सेकंदांत एक बिघाड.

आता दुसरा लावा, मध्ये काहीही लॉजिक न ठेवता. १० पैकी फ्लिप-फ्लॉपचा स्वतःचा वेळ १ नॅनोसेकंद धरला, तर ९ उरतात. e चा पंचेचाळिसावा घात, भागिले हजार: सुमारे ११० कोटी वर्षं. बावीस सेकंदांवरून इथे! दुसरा फ्लिप-फ्लॉप काहीही दुरुस्त करत नाही. तो पहिल्याला विचार करायला जवळजवळ पूर्ण ठोका मोकळा देतो, एवढंच.

```verilog
(* ASYNC_REG = "TRUE" *) reg s1, s2;
always @(posedge clk) begin
  s1 <= rx;
  s2 <= s1;
end
```

पुढे सगळ्यांनी फक्त `s2` वाचायचा. `s1` दुसऱ्या कुणी वाचला, की कष्ट वाया. वरची `ASYNC_REG` ही खूण व्हिवाडोला सांगते, की हे दोघे जवळजवळ ठेव. मधली तार लांबली तर तोही वेळ ९ मधूनच जातो.

इथे एक प्रश्न आला: "मग दोन नेहमीच पुरतात का?" नाही. तोच हिशोब २५० मेगाहर्ट्झला करा. ठोका ४ नॅनोसेकंदांचा, उरतात ३. छेद २,५००. उत्तर येतं बावीस मिनिटं! तिसरा लावला तर ६ नॅनोसेकंद मिळतात आणि १३५ वर्षं येतात. ऐकायला भरपूर. पण अशी हजार यंत्रं विकली, तर त्यांतलं एक कुठेतरी सात आठवड्यांनी अडकणार. तिथे चौथा लावायचा. किंमत प्रत्येक वेळी एका ठोक्याच्या उशिराची.

दुसरा प्रश्न: "`s2`मध्ये बरोबर किंमतच येते का?" तीही खात्री नाही. थेंब कोकणात उतरेल की देशावर, हे आपण ठरवत नाही. जुनी किंमत आली तर नवी पुढच्या ठोक्याला येईल. म्हणूनच इनपुट एका ठोक्यापेक्षा जास्त वेळ टिकलं पाहिजे, दीड ठोका धरा. नाहीतर छोटी पल्स हरवूनच जाईल.

आणि याच कारणाने आठ बिटांच्या बसवर असे आठ सिंक्रोनायझर लावू नका. मोजणी ०१११ वरून १००० वर जाताना चारही बिट बदलतात. कुणी या ठोक्याला उतरेल, कुणी पुढच्या, आणि मध्ये ११११ सुद्धा दिसू शकतं. तो पुन्हा तोच मतभेद, ज्याने माझा रिसीव्हर अडकला होता. मोजणी न्यायची तर ग्रे कोडमध्ये न्या, तिथे एका वेळी एकच बिट बदलतो. डेटा न्यायचा तर तो स्थिर धरून ठेवा आणि ‘तयार आहे’ हा एकच बिट दोन फ्लिप-फ्लॉपमधून पाठवा.

माझ्या रिसीव्हरमध्ये शेवटी या पाच ओळीच घातल्या, आणि `rx` वाचणाऱ्या प्रत्येक जागी `s2` लिहिलं. सेन्सर, तारा, स्टेट मशीन, बाकी काही बदललं नाही. तो पुन्हा अडकला नाही.