भेटवस्तूंचा नियम : कलमापासून प्रश्नमंजूषेपर्यंत

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत. त्यांतला नियम १३ भेटवस्तूंविषयी आहे. दिवाळीची मिठाई, लग्नातला आहेर, कंत्राटदाराच्या गाडीतून घरापर्यंत येणे, अशा रोजच्या व्यवहारांशी त्याचा संबंध येतो. तरीही पोटकलमे, अपवाद आणि टिपा यांच्या गुंत्यामुळे तो बहुतेक कर्मचाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. हा नियम सोप्या ‘करा’ आणि ‘करू नका’ या भाषेत आणायचा आणि छोट्या प्रश्नमंजूषेतून तो समजला की नाही हे तपासायचे, हे काम कोणतेही कार्यालय करू शकते. मात्र सोपे करताना नियमातल्या अटी गळून पडता कामा नयेत.

पहिली पायरी म्हणजे नियमाची फोड करणे. नियम १३ वाचताना चार प्रश्न विचारले की त्याचा सांगाडा दिसू लागतो. भेट कोण देत आहे? प्रसंग कोणता? किंमत किती? आणि मग कर्मचाऱ्याने काय करायचे? मूळ सूत्र असे की, नियमांत दिलेली सूट सोडल्यास कर्मचाऱ्याने भेट घेऊ नये आणि कुटुंबीयांना किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कुणालाही ती घेऊ देऊ नये. फुकट प्रवास, फुकट राहणे-जेवण किंवा इतर आर्थिक लाभ हीसुद्धा भेटच धरली जाते. सहज झालेले एखादे जेवण किंवा वाटेत मिळालेली लिफ्ट यांना मात्र भेट मानत नाहीत.

पहिली सूट लग्न, वाढदिवस, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्य अशा प्रसंगांची आहे. रूढीप्रमाणे दिलेली भेट जवळचे नातेवाईक किंवा कार्यालयीन कामाचा संबंध नसलेले मित्र यांच्याकडून घेता येते. तिची किंमत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सरकारला कळवावे लागते. ही मर्यादा ‘अ’ गटासाठी २५,००० रुपये, ‘ब’ गटासाठी १५,००० आणि ‘क’ गटासाठी ७,५०० आहे. बाकी सर्व बाबतींत मर्यादा बरीच खाली येते. ‘अ’ आणि ‘ब’ गटांतल्या कर्मचाऱ्यांना ५,००० रुपयांपेक्षा आणि ‘क’ गटातल्यांना २,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीची भेट मंजुरीशिवाय घेता येत नाही. हे दोन आकडे २०१९ च्या दुरुस्तीने आले.

इथे ‘कळवणे’ आणि ‘मंजुरी घेणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात भेट घेतल्यावर माहिती द्यायची असते, दुसऱ्यात घेण्याआधी परवानगी लागते. म्हणून ‘करा’ आणि ‘करू नका’ या दोन रकाने पुरत नाहीत. ‘कळवा’ आणि ‘आधी विचारा’ हेही लागतात. ‘क’ गटातल्या कर्मचाऱ्यांसाठी वाक्ये अशी होतील :

घ्या : लग्नकार्यात नातेवाईक किंवा कामाचा संबंध नसलेले मित्र यांनी रूढीप्रमाणे दिलेला आहेर.
कळवा : असा आहेर ७,५०० रुपयांपेक्षा जास्त असेल तर.
आधी विचारा : इतर कोणतीही भेट २,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर. मंजुरी मिळेपर्यंत ती घेऊ नका.
टाळा : कार्यालयाशी काम असलेल्या व्यक्तीची किंवा कंपनीची थाटाची अथवा वरचेवर होणारी सरबराई.

प्रत्येक वाक्यात एकच कृती आहे आणि अट त्या कृतीला चिकटून आहे. ‘मित्रांकडून भेट चालते’ असे लिहिले असते तर वाक्य आणखी सोपे झाले असते, पण कार्यालयीन संबंधाची अट गेली असती आणि नियमाचा अर्थच उलटला असता.

आणखी एक धोका २,००० च्या आकड्यात आहे. ‘२,००० पर्यंत काहीही घ्या’ असा अर्थ वाचणारा सहज काढतो. काम करून देण्यासाठी किंवा केल्याबद्दल घेतलेली छोटी रक्कमही १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. म्हणून त्या ओळीखाली ‘कामाच्या बदल्यात काहीही घेऊ नका, रक्कम कितीही असो’ हे स्वतंत्र वाक्य हवेच. कार्यालयाला याहून कडक शिस्त हवी असेल, उदाहरणार्थ पुरवठादाराकडून मिठाईचा पुडाही नको, तर तसा आदेश काढावा. ती बंदी नियम १३ मध्येच आहे असे मात्र लिहू नये.

यानंतर प्रसंग रचायचे. उत्तम प्रसंगात माणूस, हुद्दा, भेट, किंमत आणि देणाऱ्याचा संबंध एवढेच असते. एकाच प्रसंगातली एक बाब बदलून दुसरा प्रश्न केला की नियमाची धार नेमकी कुठे आहे ते कळते. पुढील जोडी पाहावी.

प्रश्न १. ‘क’ गटातल्या लिपिकाच्या लग्नात त्याच्या शाळेतल्या मित्राने १०,००० रुपयांचा आहेर केला. मित्राचे कार्यालयात काहीच काम नाही. लिपिकाने काय करावे?
(अ) आहेर परत करावा. (आ) घ्यावा आणि कळवावा. (इ) घ्यावा, कळवण्याची गरज नाही.

प्रश्न २. तोच लिपिक, तेच लग्न, तीच रक्कम. पण मित्राकडे त्याच कार्यालयाच्या दुरुस्तीचे कंत्राट आहे. आता काय करावे?
(अ) मैत्री जुनी असल्याने घ्यावा. (आ) घ्यावा आणि कळवावा. (इ) मंजुरीशिवाय घेऊ नये.

पहिल्याचे उत्तर ‘आ’, कारण रक्कम ७,५०० च्या वर आहे. दुसऱ्याचे ‘इ’, कारण कार्यालयीन संबंध येताच लग्नाची सूट संपते आणि २,००० ची मर्यादा लागू होते. चुकीचे पर्याय मुद्दाम रचलेले खुळे नाहीत. ‘मैत्री जुनी आहे’ हे कारण माणसे खरोखर देतात. उत्तरानंतर कारणाची एक-दोन वाक्ये द्यावीत, कारण शिकणे तिथेच घडते. नियमाचा क्रमांक किंवा दुरुस्तीचे साल विचारणारे प्रश्न टाळावेत. त्यांतून पाठांतर कळते, वागणूक कळत नाही.

दहा मिनिटांसाठी सहा ते आठ प्रश्न पुरतात. सगळ्यांची उत्तरे ‘घेऊ नये’ अशी असू नयेत, नाहीतर कर्मचारी प्रसंग न वाचताच बरोबर उत्तर देतो. लिफ्टचा किंवा बहिणीने दिलेल्या साध्या भेटीचा एखादा प्रश्न ‘चालते’ या उत्तराचा असावा. योग्य पर्याय नेहमी सर्वांत लांब असणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

मंजूषा सर्वांना देण्याआधी शिपाई, लिपिक, अधीक्षक अशा पाच-सहा जणांकडून सोडवून घ्यावी आणि उत्तर का निवडले ते विचारावे. एखाद्या प्रश्नाला सगळेच अचूक उत्तर देत असतील, तर तो फार सोपा आहे किंवा त्याचे चुकीचे पर्याय कुणालाच पटत नाहीत. जाणकारांचीही मते दुभंगत असतील, तर प्रसंगात एखादी बाब सांगायची राहिली आहे किंवा मूळ नियमच संदिग्ध आहे. नियम संदिग्ध असेल तर तो प्रश्न काढून सक्षम अधिकाऱ्याकडे खुलाशासाठी पाठवावा.

सोप्या पत्रकावर कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या धरल्या आहेत ते छापावे आणि वाद झाल्यास मूळ नियमच ग्राह्य राहील असे लिहावे. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, त्यामुळे वरचे आकडे तिथे जसेच्या तसे उचलू नयेत. रीत तीच ठेवून मजकूर त्या नियमांवरून नव्याने तयार करावा.