नव्या पेयाचा फोकस ग्रुप

फोकस ग्रुप म्हणजे सहा ते आठ ग्राहकांना एकत्र बसवून, एका संचालकाने दीड-दोन तास चालवलेली गटचर्चा. नवे पेय किती लोक घेतील, हे तिच्यातून कळत नाही. लोक ते का घेतील, का टाळतील आणि त्याबद्दल आपसांत काय बोलतील, हे मात्र कळते. पण माणसे एकत्र बसली की एकमेकांच्या मतांवर परिणाम करतात. म्हणून प्रत्येकाचे स्वतःचे मत आधी हाती घेणे आणि ते गटात कसे बदलते हे नंतर पाहणे, यातच संचालकाचे खरे कसब असते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीला बाटलीबंद कोकम सरबत आणायचे आहे. एक नमुना गोड, दुसरा कमी साखरेचा आणि जिरे-मीठ घातलेला. ग्राहक म्हणून डोळ्यांसमोर आहेत पंचविशीतले नोकरदार. निवडीसाठी एक छोटी प्रश्नावली लागते. तिच्यात ‘तुम्हाला कोकम आवडते का?’ असे थेट विचारले, तर बोलावणे मिळावे म्हणून बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा ‘गेल्या आठवड्यात बाहेर काय काय प्यायलात?’ हा प्रश्न बरा, कारण त्यात अपेक्षित उत्तराचा सुगावा लागत नाही. जाहिरात, बाजार संशोधन किंवा पेय उद्योगात काम करणारे आणि गेल्या सहा महिन्यांत अशा चर्चेला बसलेले वगळले जातात. मानधनासाठी चर्चा करत फिरणारे लोक असतात आणि ते सराईतपणे गोड बोलतात. मधुमेह आणि ॲलर्जी यांचीही चौकशी आधीच करावी लागते. आठ जण हवे असतील तर दहांना बोलवावे, कारण एक-दोघे ऐन वेळी येत नाहीत. एकाच कार्यालयातले साहेब आणि कनिष्ठ एका गटात आले, तर साहेबांसमोर कनिष्ठ मोकळेपणाने बोलत नाही.

चाखणीच्या वेळी दोन्ही नमुने सारख्याच पेल्यांत, सारखेच थंड आणि सारख्याच मापाने द्यावेत. त्यांवर नावाऐवजी तीन आकडी सांकेतिक क्रमांक असावेत, कारण ‘अ’ आणि ‘ब’ लिहिले तरी ‘अ’ श्रेष्ठ वाटू शकतो. निम्म्या लोकांना गोड नमुना आधी द्यावा, निम्म्यांना नंतर, आणि मध्ये साधे पाणी. मग सर्वांत महत्त्वाची पायरी येते: कोणीही तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहायचे. बाटली, नाव आणि किंमत नंतरच दाखवायची.

आता चर्चा सुरू होते आणि एक जण ठासून सांगतो, ‘आमच्या घरचं कोकम याहून चांगलं असतं. हे कोण विकत घेणार?’ दोघे माना डोलावतात, बाकीचे गप्प. इथे त्याच्याशी वाद घातला तर तो आणखी चढतो आणि त्याला गप्प बसवले तर इतरही बिचकतात. संचालकाने त्याचा मुद्दा फळ्यावर लिहावा, नजर दुसरीकडे वळवावी आणि म्हणावे, ‘तुमचं म्हणणं नोंदवलं. ज्यांनी कागदावर वेगळं लिहिलंय, त्यांचं ऐकू या.’ लिहून झालेले असल्याने गप्प माणसाला आपल्या शब्दांचा आधार मिळतो. तरीही तो थांबत नसेल, तर मध्यंतरानंतर त्याला संचालकाच्या शेजारी बसवतात, कारण शेजारच्याची नजर टाळणे सोपे असते. त्याला चर्चेतून उठवणे हा अगदी शेवटचा उपाय.

मात्र त्याचे बोलणे अडथळा समजून टाकून देणेही चूकच. कोका-कोलाने 23 एप्रिल 1985 रोजी अमेरिकेत नव्या चवीचा कोक आणला. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांच्या चाखण्या झाल्या होत्या आणि त्यांत नवी चव सरस ठरली होती. गटचर्चांमध्ये मात्र काही थोडे लोक जुनी चव जाणार या कल्पनेनेच चिडत आणि त्यांच्या दबावाने इतरांचेही मत फिरे. कंपनीने आकड्यांना अधिक वजन दिले. बाजारातही तसाच संताप पसरला आणि 11 जुलैला कंपनीला जुना कोक परत आणत असल्याचे जाहीर करावे लागले. गटात जे घडले, तेच समाजात घडले होते.

म्हणून विश्लेषणात प्रत्येकाचा कागद आणि त्याचे नंतरचे बोलणे शेजारी ठेवून पाहतात. कागदावर ‘छान, आंबट-गोड’ लिहिणाऱ्या तिघांनी घरच्या कोकमाचा विषय निघताच सूर बदलला, तर दोष चवीत असण्यापेक्षा बाटलीबंद कोकमाच्या कल्पनेत असण्याची शक्यता जास्त. मग साखर बदलण्याआधी लेबलवरचा मजकूर तपासावा लागतो. एका गटावरून हे ठरवता येत नाही. असे तीन-चार गट घ्यावे लागतात आणि तेव्हाही ‘आठपैकी पाच’ची टक्केवारी काढायची नसते. शिवाय दोन घोटांत गोड पेय सरस वाटते, पूर्ण बाटली संपवताना तेच नकोसे होऊ शकते. ते तपासायला बाटल्या घरी देऊन वेगळी चाचणी घ्यावी लागते.