ताळेबंदाखालची टीप

ताळेबंद हाती आला की मी आधी शेवटच्या टिपा वाचतो. बँकेचे कर्ज वर नोंदलेलेच असते. देणे बहुधा द्यावे लागणार, पण आकडा अंदाजाचा असेल, तर नफ्यातून तरतूद करतात. द्यावे लागेल की नाही हेच अनिश्चित असेल, तर ते संभाव्य देणे. ते फक्त टिपेत येते आणि नफा शाबूत राहतो. दूरसंचार कंपन्यांचा परवाना शुल्काचा वाद बराचसा तिथेच पडून होता. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. व्होडाफोन आयडियाने मुख्यतः त्यासाठीच तरतूद करून ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला, तोही आधीच संपलेल्या सप्टेंबर तिमाहीत! वाद जुना होता आणि हिशेब मंजूर व्हायचे होते, म्हणून.